डीलरला तुम्ही भेटलात, ती नाही

पत्र : माझी मुलगी बारावीनंतर वर्षभर घरी राहून थ्रीडी शिकली. टाईल आणि सॅनिटरीवेअरच्या एका डीलरच्या कॅटलॉगसाठी तिनं बाथरूमची चार चित्रं केली. मी स्वतः ती घेऊन त्यांना भेटलो. 'खोटी वाटतात' असं म्हणून त्यांनी परत केली. ती म्हणते, भारी ग्राफिक्स कार्ड हवं. बारावीला ६४ टक्के आहेत. मी तिला महिन्याची मुदत दिली आहे, जमलं नाही तर इंजिनिअरिंगला प्रवेश. नातेवाइकांना 'बाथरूमची चित्रं करते' असं सांगायचीही पंचाईत होते. कार्ड घेऊन द्यावं का? चित्रं सोबत जोडली आहेत.

उत्तर : गुणांची मला चिंता नाही. चिंता वाटली ती तुम्ही एकटे डीलरकडे गेलात याची. 'खोटी वाटतात' हे ऐकल्यावर चित्र करणाऱ्यानं लगेच विचारलं असतं, 'कुठे? सांध्यात, चकाकीत की पाण्यात?' आयुष्यभर टाईल विकलेल्या माणसानं चित्रावर नेमकं बोट ठेवलं असतं. तुम्ही ते विचारू शकला नाहीत, कारण हे काम तुमचं नाही. तुम्ही घरी फक्त निकाल आणलात आणि त्याला महिन्याची मुदत जोडलीत. आता ती चूक शोधत नाहीये, मुदतीला घाबरून कार्ड मागते आहे. आणि पंचाइतीचं म्हणाल, तर ती तुमची आहे. तिच्यावर टाकू नका.

कार्ड घेऊ नका. भारी कार्डानं चित्र खरं होतं हा समज फार पसरलेला आहे. कार्ड वेळ वाचवतं, एवढंच. रात्रभर चालणारं रेंडर, म्हणजे संगणकानं अंतिम चित्र तयार करणं, तासाभरात होईल, पण चूक तीच राहील. चारही चित्रं मी मोठी करून पाहिली. त्यांत संगणक कमी पडला असं एकही ठिकाण नाही. टाईल भिंतीवर कशी बसते हे तिनं पाहिलेलं नाही, एवढंच दिसतं.

दुसरं चित्र घ्या, कमोडच्या मागची भिंत. भिंत २००० मिलिमीटर रुंद आहे आणि टाईल ६०० ची. तिनं टेक्स्चर, म्हणजे भिंतीवर चढवलेलं टाईलचं चित्र, ताणून बरोबर तीन टाईल बसवल्या, म्हणजे ६०० ची टाईल सुमारे ६६३ ची झाली. त्यामुळे कमोड उगाच लहान दिसतो, आणि माप ओळखणाऱ्या डीलरला ते लगेच खटकतं. चांगला कारागीर काय करेल? भिंतीचा मध्य काढेल. मध्यावर टाईल ठेवली तर तीन पूर्ण टाईल आणि दोन्ही कडांना ९६ मिलिमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्या येतात, त्या वाईट दिसतात. म्हणून तो मध्यावर सांधा घेईल. मधे दोन पूर्ण टाईल, दोन्ही बाजूंना ३९७ चे कापलेले तुकडे, आणि त्यांच्यामधले २ मिलिमीटरचे तीन सांधे. बेरीज बरोबर २००० येते. कापलेले तुकडे दिसले की भिंत कुणीतरी बसवल्यासारखी दिसते.

आता सांधा. तिनं तो सहा मिलिमीटरच्या आसपास ठेवला आहे, आणि का ठेवला असेल त्याचा मला अंदाज आहे. कॅटलॉगचं ए-फोर पान ३०० डीपीआयला २४८० पिक्सेल रुंद असतं. २००० मिलिमीटरची भिंत पानभर आली तर २ मिलिमीटरच्या सांध्याला जेमतेम अडीच पिक्सेल मिळतात. काम करताना आपण निम्म्या आकाराचं रेंडर पाहतो, तिथे उरतो सव्वा पिक्सेल. त्यात रेंडरमधले दाणे पुसणाऱ्या डीनॉइझरनं सांधाही पुसला की रेषा तुटक दिसते, आणि माणूस सांधा जाड करत सुटतो. त्यापेक्षा सांधा २ मिलिमीटरच ठेवावा आणि भिंतीचा छोटा चौकोन निवडून तेवढाच पूर्ण आकारात, डीनॉइझर बंद करून रेंडर करून पाहावा. सांधा टाईलपेक्षा मिलिमीटरभर आत, आणि टाईलची कड किंचित गोलसर. त्या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ उमटते. सांधा डोळ्यांना दिसतो तो जाडीमुळे कमी आणि या रेघेमुळे जास्त.

चकाकीची चूक याच्याच पोटात आहे. तिच्या भिंतीत खिडकीचं प्रतिबिंब तिन्ही टाईलवरून सरळ वाहतं, जणू एकच काच लावली आहे. खऱ्या भिंतीत प्रत्येक टाईल शेजारणीपेक्षा किंचित कललेली असते. कल ०.०५ अंश धरा. ६०० च्या टाईलमध्ये एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तो जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतो आणि हाताला जाणवतही नाही. पण प्रतिबिंब कलाच्या दुप्पट वळतं, म्हणून दोन मीटरवरच्या खिडकीची रेघ सांध्याशी तीन-चार मिलिमीटर सरकते. सांध्यात भरलेल्या ग्राउटला चकाकी नसते, तिथे प्रतिबिंब थांबतं आणि पुढच्या टाईलवर जरा सरकून सुरू होतं. प्रत्येक टाईल वेगळी वस्तू ठेवून तिला एवढा कल द्यायचा. याहून जास्त दिला तर काम ओबडधोबड दिसेल, आणि डीलरला तेही चालणार नाही.

शॉवरच्या चित्रात तिनं ओली जमीन दाखवायला सगळी फरशी गडद केली आहे. ग्लेझ केलेल्या टाईलच्या आत पाणी शिरत नाही, त्यामुळे तिचा रंग जवळपास तसाच राहतो. टाईल मॅट असेल तर ओली झाल्यावर चकाकते, बस. गडद होतो तो सिमेंटचा ग्राउट, कारण तो पाणी पितो. म्हणून पाणी कुठवर गेलं हे सांध्यांवरून कळायला हवं : शॉवरखाली गडद, दाराकडे फिके. इपॉक्सी ग्राउट असेल तर एवढा फरक पडत नाही, तेव्हा ग्राउट कुठला हे आधी विचारावं. बेसिनमधल्या पाण्याच्या कडेला चंदेरी रेघ आली आहे, कारण पाणी आणि बेसिन यांच्यामध्ये हवेची फट राहिली. पाण्याचा आकार बेसिनच्या पृष्ठभागात केसभर घुसवला की ती जाईल.

इंटिरिअर, आर्किटेक्चर, प्रॉडक्ट डिझाइनच्या प्रवेशपरीक्षा आहेतच. तिला हवं असेल तर तिनं द्याव्यात, मुदतीच्या धाकानं नाही. या कामाची मर्यादाही सांगतो. एकच खोली उभी करून तिच्यात चाळीस टाईल बदलायच्या, असं बरंच काम असतं. टाईल बदलून दाखवणारी तयार ॲप्सही आहेत. डीलर माणूस शोधतो तो ती ॲप्स जिथे फसतात तिथे, म्हणजे वर सांगितलेल्या गोष्टींसाठी. तिला ते शिकण्यात रस आहे का, हे तिला विचारा. पत्रात तिचं म्हणणं मला फक्त कार्डापुरतंच दिसलं.

महिन्याची मुदत मागे घ्या आणि तसं तिला स्पष्ट सांगा. तिला दोन दिवस टाईल बसवणाऱ्या कारागिराबरोबर टेप घेऊन जाऊ द्या. मग चारही नाही, फक्त कमोडची भिंत तिनं पुन्हा करावी. त्याआधी डीलरला फोन तिनंच करावा आणि चार गोष्टी विचाराव्यात : टाईलच्या सगळ्या फेसच्या फाइल मिळतील का (संगमरवरी छापाच्या टाईलचे फेस वेगवेगळे असतात, एकच छाप भिंतभर आला की लगेच ओळखू येतो), ग्राउट कुठला आणि कुठल्या रंगाचा, सांधा किती, आणि पानाचा आकार काय. फोन चालू असताना तुम्ही त्या खोलीत थांबू नका.