हाक मारायची नाही म्हणून पाणी तोडू नका

*दीड वर्षापूर्वी झाडावरून पडलो, तेव्हापासून कमरेखाली ताकद नाही अन् कळतही नाही. हात धड आहेत. लघवी नळी घालून माझी मीच काढतो. बायको दिवसभर कापूस वेचून येते. तिला रात्री उठवायला नको म्हणून कुशीवर वळत नाही, पाणी कमी पितो. आता माकडहाडावर काळपट डाग पडलाय. घराला नुसता भार झालोय. — एक वाचक, परभणी जिल्हा*

दादा, आधी तो डाग. बोटानं दाबून बघायला सांगा. भोवतीपेक्षा गरम किंवा कडक लागला, उताणं झोपणं सोडून अर्ध्या तासानंही फिका पडला नाही, तर आतलं मांस दबलंय. डाग पूर्ण जाईपर्यंत त्यावर भार नको. फक्त कुशीवर किंवा पालथं झोपा, बसणंही कमी करा. चोळू नका. कातडी फुटली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशी जखम खोल गेली की भरायला महिने लागतात, रोज ड्रेसिंग करावं लागतं, आणि ते कुणाच्या अंगावर पडतं ते तुम्ही जाणताच.

वळायला मात्र बायको लागत नाही. उजवीकडे वळायचं तर हातानं डावा घोटा उजव्यावर टाका. दोन्ही हात छातीवर जोडून सरळ वर करा, आधी डावीकडे झोका द्या आणि लगेच जोरात उजवीकडे. खांदे वळले की कंबर मागोमाग येते. मग गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पाठीला एक. पहिले आठ-दहा दिवस कुणीतरी शेजारी असू द्या. बाजेवर हे जमत नाही, झोळ पडतो. पलंग आणि सपाट गादी हवी. मोबाइलवर दर 2 तासांचा गजर लावा.

पाण्याचं गणित तर उलटंच झालंय. लघवी दाट होऊन मूत्राशयात साचली की जंतू वाढतात, खडे होतात. मग थंडी वाजून ताप आणि सलाईन. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं नसेल तर दिवसभरात साधारण 2 लिटर प्या, उन्हाळ्यात जास्त. त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत संपवा, म्हणजे रात्र मोकळी जाते. नळी दर 4 ते 6 तासांनी, शेवटची झोपताना. एका वेळी 500 मिलिलिटरच्या वर निघत असेल तर मधलं अंतर कमी करा. लघवी गढूळ झाली, वास बदलला आणि ताप आला तर थांबू नका.

वहिनींकडून एकच काम मागून घ्या: संध्याकाळी दिव्याखाली माकडहाड, बसायची हाडं आणि टाचा बघणं. पाच मिनिटं लागतात. त्यांना हेही सांगा की त्रास नको म्हणून तुम्ही हाक मारत नव्हता. त्यांनी तो अबोला वेगळाच धरला असण्याची शक्यता जास्त.

‘भार झालोय’च्या पुढं ‘नसतो तर बरं’ असं मनात येत असेल, तर त्याच रात्री वहिनींना उठवा किंवा 14416 वर फोन लावा. टेलिमानसचा हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.