बिदअत 'चांगली' कशी असेल?

प्रश्न: बिदअत म्हणजे धर्मात नव्याने घुसवलेली गोष्ट आणि ती वाईटच, असं वाचलं होतं. मग 'बिदअत-ए-हसना', म्हणजे चांगली बिदअत, असं कसं म्हणतात? ईद-ए-मिलादच्या वादात दोन्ही बाजू हाच शब्द वापरतात.

उत्तर: दोघांच्या मनात शब्दाची व्याप्ती वेगवेगळी आहे, म्हणून हा घोळ होतो. अरबीत 'बिदअत'चा मूळ अर्थ आधीचा नमुना नसताना केलेली गोष्ट. त्यात निंदा नाही. कुराणात आकाश-पृथ्वी घडवणारा म्हणून अल्लाहला त्याच धातूवरून 'बदीअ' म्हटलंय. पण "प्रत्येक बिदअत म्हणजे वाट चुकणं" अशी पैगंबरांची हदीसही आहे, आणि ती अगदी सरसकट बोलते.

चांगल्या बिदअतीची बाजू घेणारे पहिला दाखला देतात तो दुसरे खलीफा उमर यांचा. रमजानच्या रात्री मदिनेच्या मशिदीत लोक आपापले घोळके करून नमाज पढत होते. उमर यांनी सगळ्यांना उबय्य इब्न काब यांच्या मागे एकाच सामूहिक नमाजीत उभं केलं आणि नंतर ते दृश्य पाहून म्हणाले, "किती छान बिदअत ही!" याच आधाराने इमाम शाफईंनी (मृत्यू 820) दोन भाग केले: कुराण, सुन्नत किंवा एकमताने ठरलेल्या गोष्टीच्या विरुद्ध जाते ती निंद्य, विरुद्ध जात नाही ती निंद्य नव्हे. तेराव्या शतकात इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी बिदअतीला फिकहचे, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राचे, पाचही निवाडे लावले. कुराण समजण्यासाठी अरबी व्याकरण शिकणं आवश्यक, मदरसे बांधणं स्तुत्य, चांगलंचुंगलं खाणं-लेणं नुसतं मुभा असलेलं, मशिदी नटवणं नापसंत आणि काही पंथांची मतं थेट हराम.

आता जन्मोत्सव. आजच्या इराकमधल्या इरबिलचा सुलतान मुजफ्फरुद्दीन कोकबुरी (मृत्यू 1233) पैगंबरांचा मौलिद थाटात करी. त्याच गावात जन्मलेल्या इब्न खल्लिकानने त्याचं वर्णन केलंय: लाकडी मजली मंडप, गाणारे, छाया-खेळवाले, ढोल वाजवत नेलेले उंट-बकरे, त्यांच्या मांसाच्या पंगती. जन्मतिथीबद्दल दोन मतं, म्हणून सुलतान एका वर्षी रबीउल अव्वल महिन्याच्या 8 तारखेला आणि पुढच्या वर्षी 12 तारखेला उत्सव करी. (दोन्ही पक्ष राजी ठेवायची ही युक्ती मला भारी आवडते.)

याला सगळ्यात नेटका विरोध केला मालिकी विधिपंथाचे पंडित ताजुद्दीन फाकिहानी यांनी. त्यांनी पाच निवाडे एकेक करून खोडले. मौलिद आवश्यक नाही, हे कुणीच नाकारत नाही. स्तुत्यही नाही, कारण शरियतने तो मागितलेला नाही. मुभाही नाही, कारण धर्मात भर घालायला मुभा नसते. उरले नापसंत आणि हराम. मग त्यांनी दोन प्रसंग वेगळे केले: कुणी स्वतःच्या पैशाने घरच्यांना आणि मित्रांना जेवू घातलं, गैर काही केलं नाही, तर ती नापसंत बिदअत. वर्गणीसाठी जबरदस्ती, नाचगाणं, स्त्री-पुरुषांची सरमिसळ असेल तर हराम. शिवाय पैगंबरांचा मृत्यूही त्याच रबीउल अव्वल महिन्यातला, मग आनंदच का, दुःख का नाही, हा त्यांचा बोचरा सवाल.

कैरोच्या सुयूती (मृत्यू 1505) यांनी याला मुद्देसूद उत्तर दिलं. स्तुत्य ठरायला थेट आज्ञाच लागते असं नाही, कियासनेही, म्हणजे आधीच्या निवाड्याशी साम्य दाखवूनही, ते ठरतं. तो आधार त्यांच्या आधी इब्न हजर अस्कलानींनी शोधला होता: मूसांची सुटका झाली त्या दिवसाचे आभार म्हणून मदिनेचे यहुदी आशूराचा उपास करत, आणि पैगंबरांनी तो मान्य केला. म्हणजे उपकाराच्या दिवशी दरवर्षी आभार मानता येतात. नाचगाण्याचा दोष त्या नाचगाण्याचा, मेळाव्याचा नव्हे. जुम्म्याच्या नमाजीला जमलेल्यांत गैरप्रकार झाले म्हणून कुणी जुम्म्याला निंद्य म्हणत नाही. आणि आनंद-दुःखाचं म्हणाल, तर शरियतने जन्मानंतर अकीका, म्हणजे बाळासाठीची कुर्बानी, सांगितलाय, मृत्यूसाठी तसा काही सोहळा सांगितलेला नाही.

मला सुयूतींचा जुम्म्याचा दाखला जरा सैल वाटतो. जुम्मा मुळातच फर्ज, म्हणजे बंधनकारक आहे, त्यामुळे त्यातला दोष बाजूला काढणं सोपं जातं. मौलिदला तसा आधार आहे का, हाच तर वाद होता. आशूराचा दाखला जास्त वजनदार.

आंदलुसियाच्या शातिबींना (मृत्यू 1388) ही विभागणीच अमान्य. त्यांच्या मते इबादतीच्या वाटेत भर घालणं एवढीच बिदअत, आणि ती सगळी निंद्य. व्याकरण, मदरसे ही केवळ साधनं, त्यांना बिदअत म्हणूच नये; उमर बोलले ते बोलीतल्या अर्थाने. त्यामुळे व्याकरण आणि मदरसे दोन्ही पक्षांना चालतात, फक्त नाव वेगळं. मौलिदवर मात्र ही पळवाट चालत नाही, कारण तो साधन नसून पुण्याच्या आशेने, ठरावीक दिवशी केलेला सोहळा आहे.

कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. इब्न हजर आणि सुयूती त्यांच्याच मजहबचे, म्हणजे विधिपंथाचे, म्हणून तिकडच्या चर्चेत ही नावं आली तर नवल वाटू नये. लिहिताना शब्द स्त्रीलिंगी ठेवा: 'ही बिदअत'. 'बिदअती', म्हणजे बिदअत करणारा, ही उपाधी मात्र जपून वापरा, ती बहुतेक वेळा शिवीच असते.