तासांचा फरक शोधताना आधी दशांश बघ

हजेरीच्या मशीनमधले तास आणि पगारपत्रकातले तास जुळत नसतील, तर पूर्ण महिन्याची बेरीज समोर ठेवून बसू नकोस, त्यातून काही हाती लागत नाही. ज्याचा फरक सर्वात मोठा आहे असा एकच कामगार घे. मशीनमधून निघालेले मूळ पंच आणि पगारपत्रकातले तास शेजारी-शेजारी लाव आणि रोजचा फरक काढ. एखाद्याच दिवशी मोठा फरक असेल तर बहुधा पंच राहिलाय किंवा रात्रपाळी मध्यरात्री तारीख बदलताना दोन दिवसांत तुटली आहे. रोज तेवढाच फरक पडत असेल तर चूक माणसाची नाही, हिशोबाच्या पद्धतीची आहे.

अशा वेळी मी पहिल्यांदा पगाराच्या तासांमधला दशांश बघतो. समज, माणूस रोज 8 तास 45 मिनिटं भरतो. म्हणजे 8.75 तास. पण कोणीतरी 8:45 चं सरळ 8.45 केलं, तर 26 दिवसांत 227.5 ऐवजी 219.7 तासांचाच पगार निघतो. 7.8 तास गायब, आणि बेरीज मात्र अगदी बरोबर दिसते! खूण सोपी आहे: अख्ख्या रकान्यात .59 च्या वर एकही आकडा नसेल, तर ती बहुधा मिनिटंच आहेत.

एक्सेलमध्ये रूपांतर असं कर, रात्रपाळीलाही चालतं (A2 आत, B2 बाहेर):

```
=MOD(B2-A2,1)*24
```

जेवणाची सुट्टी यातून वेगळी वजा कर. ती पगारात आपोआप कापली जाते का, हे आधी विचारून घे.