वर्ष कधीपासून मोजायचं?

अगं, दिवस राहत नसतील तर डॉक्टरकडे जाण्याआधी "एक वर्ष थांबा" म्हणतात, पण हे सगळ्यांना सरसकट लागू नाही. पस्तिशीच्या आत, पाळी नियमित, काही त्रास नाही, तर 12 महिने. कारण शंभरातल्या साधारण 85 जोडप्यांना तेवढ्यात दिवस जातात. पस्तिशीनंतर 6 महिने पुरे, चाळिशीनंतर लगेच.

तुझं वय 31, पण पाळी 45-60 दिवसांनी येते म्हणतेस. म्हणजे बीजच वेळेवर तयार होत नसावं. वर्षात जेमतेम सहा-आठ संधी मिळतात, त्याही कधी ते कळत नाही. अशा वेळी डॉक्टर वर्षाची वाट बघायला लावत नाहीत. पूर्वी पोटाचा टीबी किंवा एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढणं, झालं असेल तरी तेच.

उलट नवरा बोटीवर असेल, तर तो घरी असलेलेच महिने धरायचे. विरार-चर्चगेट करून रात्री दमून झोपणाऱ्यांनाही डॉक्टर संबंध किती वेळा येतात हे विचारतात, लाजू नकोस.

आणि एकटी जाऊ नकोस. नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत होऊ दे. आधी 2 ते 7 दिवस संबंध नकोत. सासूबाई काहीही म्हणोत, ती तपासणी सगळ्यांत सोपी. पाळीच्या तारखा लिहून ने.