कोणते मालमत्ता व्यवहार रजिस्टर करावेच लागतात? रजिस्ट्री न केलेल्या खरेदीच्या कागदाला कोर्टात काही किंमत असते का?

शंभर रुपये किंवा त्यावरची जमीन किंवा घर विकलं, म्हणजे आजच्या घडीला सगळंच, की रजिस्ट्री लागतेच. बक्षीसपत्राला किंमत कितीही असली तरी लागते. मृत्युपत्राला सक्ती नाही. आणि "कागद आहे ना आपल्याकडे" हे कोणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं, कारण आमच्या काकांचं हेच म्हणणं होतं.

1996 ला वडिलांनी गावात एक घरजागा घेतली, मध्यस्थी काकांची. शंभराच्या स्टॅम्पवर खरेदीखत झालं, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, पैसे पूर्ण दिले, ताबा मिळाला. वडील म्हणत होते रजिस्ट्री करू, काका म्हणाले माणूस आपला आहे, स्टॅम्प ड्युटीत पैसे कशाला घालवायचे. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत कागद रजिस्ट्रीला द्यावा लागतो, दंड भरून पुढे अजून चार महिने मिळतात, ते सगळं निघून गेलं. विकणारे वारले आणि 2014 ला त्यांच्या मुलांनी जागेचा ताबा मागत आमच्यावर दावा ठोकला.

कोर्टात आधी अडलं ते स्टॅम्पवर. कमी स्टॅम्पचा कागद पुराव्यात घेतच नाहीत, तूट भरा आणि त्यावर महिन्याला दोन टक्के दंड भरा, मग बघू. ते भरल्यावर कागद वाचला गेला, पण मालकीसाठी नाही, तर करार झाला होता का आणि ताबा त्या करारानेच मिळाला का एवढंच बघायला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 53अ तेवढ्यावर लागू झालं: लेखी करार आहे, ताबा दिलाय, घेणाऱ्याने आपली बाजू पुरी केलीय, मग विकणारा किंवा त्याचे वारस त्याला बाहेर काढू शकत नाहीत. करार पुरा करून मागायची मुदत संपली असली तरी हा बचाव चालतो, हे सुप्रीम कोर्टाने 2002 लाच सांगितलंय. मुलांचा दावा फेटाळला गेला.

काका आजही म्हणतात, बघा, कागदानेच वाचवलं. अहो काका, राहायला जागा आहे पण मालक आम्ही नाही! बँक तारण घेत नाही, विकायला काढली तर गिऱ्हाईकाचा वकील पहिल्याच भेटीत रजिस्टर खरेदीखत मागतो. 53अ ने ताबा टिकतो, त्याच्या जोरावर मालकीचा दावा लावता येत नाही. वाचवलेल्या स्टॅम्प ड्युटीपेक्षा कितीतरी जास्त पैसे दंड आणि वकिलात गेले, तरी ते ऐकत नाहीत.

आणि हो, आमचा कागद जुना म्हणून एवढं तरी जमलं. 24 सप्टेंबर 2001 पासून 53अ चा आधार घ्यायचा तर करारही रजिस्टर लागतो. तुमचा कागद त्यानंतरचा असेल तर मुख्य वाट उरते ती करार पुरा करून मिळण्याच्या दाव्याची, त्यात बिनरजिस्टर खरेदीखत करार झाल्याचा पुरावा म्हणून घेतात (स्टॅम्प मात्र तिथेही पुरा लागतो). मुदत तीन वर्षं, कागदात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरचा नाही म्हणाल्याचं कळल्यापासून. विकणारा हयात असेल आणि बोलण्यात असेल तर दाव्याच्या भानगडीत पडूच नका, त्याच्याकडून नवीन खरेदीखत करून घ्या आणि त्याच दिवशी रजिस्टर करा, मध्ये कुठला काका काय म्हणतो ते ऐकू नका.