सेन्सरची वायर निघाली तर पंपाचं काय होईल?

प्रश्न: ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांचा ग्रुप, प्रोजेक्ट ईएसपी32 वर ऑटोमॅटिक ड्रिप इरिगेशन. मॉक इंटरव्ह्यूत ‘हेच का वापरलं, दुसरं का नाही’ आणि ‘यात तू स्वतः काय केलंस’ या दोन प्रश्नांवर पार गडबडलो. खरं सांगायचं तर ॲप मित्राने केलंय, माझ्याकडे सेन्सर आणि पंपाचा भाग होता. काय सांगू?

उत्तर:

ॲप मित्राने केलं हे आधीच सांगून टाका. ‘सेन्सरपासून रिलेपर्यंतचं सगळं माझं, ॲप आणि सर्व्हर मित्राचं, त्याला मी दर मिनिटाला ओलाव्याचा आकडा पाठवतो’ एवढं बोललात की पुढचे प्रश्न आपोआप तुमच्या भागात येतात. मी पुण्यात एम्बेडेडमध्ये काम करतो आणि कंपनीतर्फे कॅम्पसला मुलाखती घ्यायला जातो. ‘आम्ही असं केलं, मग आम्ही तसं केलं’ असं चालू झालं की मी आम्हीच्या जागी मी घालून तोच प्रश्न परत विचारतो. तिथे बरीच मुलं गप्प होतात. काम केलेलं नसतं असं नाही, पण कुठला भाग आपला ते त्यांनी कधी वेगळं काढून पाहिलेलंच नसतं.

आता ‘हेच का’. समजा मी विचारलं, कॅपॅसिटिव्ह सेन्सर का घेतला? ‘तो जास्त ॲक्युरेट असतो’ हे उत्तर मला दर वर्षी मिळतं. त्यावर माझा पुढचा प्रश्न ठरलेला: किती ॲक्युरेट, आणि कशाशी ताडून पाहिलं? तिथे गाडी थांबते. एका मुलाने मात्र असं सांगितलं: ‘लॅबमध्ये आधी दोन दांड्यांचा रेझिस्टिव्ह सेन्सर होता, तोच लावला. कुंडीत दोनेक आठवडे राहिल्यावर एक दांडी काळी पडून खरवडल्यासारखी झाली आणि रीडिंग सरकायला लागलं. डीसी करंट ओल्या मातीतून सतत जात होता, म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. रीडिंग घेण्यापुरतीच पॉवर द्यायची हाही उपाय होता, त्याने झीज कमी झाली असती, पण थांबली नसती. म्हणून कॅपॅसिटिव्ह घेतला, त्यात धातू मातीला लागत नाही.’ पर्याय, तो सोडण्याचं कारण आणि आधीची चूक, तिन्ही एका दमात आलं. यात पाठ केलेलं काहीच नव्हतं.

ताडून पाहिलं का, यावर तो म्हणाला, सिव्हिलच्या सॉइल लॅबमधला ओव्हन मागून घेतला. ओली माती 120 ग्रॅम, 105 अंशांवर 24 तास ठेवल्यावर 100 ग्रॅम, म्हणजे कोरड्या मातीच्या मानाने 20 टक्के पाणी. तेव्हा सेन्सरचा आकडा काय होता ते वहीत लिहिलेलं. असे त्याच्याकडे चारच बिंदू होते. ‘हे त्या कुंडीतल्या काळ्या मातीपुरतं. मुरमाड जमिनीत परत करावं लागेल,’ हेही त्याने न विचारता सांगितलं. तुम्ही हे केलं नसेल तर नाही म्हणा. आपल्या स्क्रीनवरचे टक्के म्हणजे हवेतलं रीडिंग शून्य आणि पाण्याच्या ग्लासातलं शंभर धरून काढलेला आकडा आहे, मातीतलं खरं पाणी नव्हे, एवढं माहीत असलं तरी माझं समाधान होतं.

‘वायफाय का, लोरा का नाही’ यावर ‘लॅबमध्ये बोर्ड होता आणि कॉलेजचा राउटर बागेपासून 20 मीटरवर’ हे उत्तर चालतं. त्यात कमीपणा नाही. फक्त पुढचं वाक्य तयार ठेवा: विहीर घरापासून अर्धा किलोमीटर असेल तर हे चालणार नाही, तिथे लोरा लागेल. तुमची निवड कुठे मोडते ते तुम्हाला ठाऊक आहे, एवढंच समोरच्याला हवं असतं.

माझा सगळ्यात आवडता भाग कोडचा. तुमचंही जवळपास असंच असणार:

```cpp
int m = map(analogRead(34), 2800, 1200, 0, 100);
if (m < 30) digitalWrite(PUMP, LOW);
else if (m > 45) digitalWrite(PUMP, HIGH);
```

या तीन ओळींवर पंधरा मिनिटं सहज जातात. LOW लिहिल्यावर पंप चालू कसा होतो? (रिले मॉड्यूल ॲक्टिव्ह लो आहे. पण मग बोर्ड रीसेट होताना पंप क्षणभर दचकतो का, ते कधी पाहिलंत?) 30 आणि 45 असे दोन आकडे कशाला, एक का नाही? 30 हा एकच ठेवला तर रीडिंग 29 आणि 31 च्या मध्ये नाचतं आणि रिले टकटक करत बसतो. मधल्या पट्ट्यात आहे तेच चालू ठेवायचं. याला हिस्टेरिसिस म्हणतात, पण शब्द आठवला नाही तरी टकटक ऐकली असेल तर मला पुरे.

पिन 34 च का? एका मुलीने सांगितलं, तिने आधी पिन 4 वर सेन्सर लावला होता. नुसत्या टेस्टच्या कोडमध्ये छान चालला, वायफाय जोडल्यावर रीडिंग बंद. दोन दिवस ती वायर आणि सोल्डरिंग तपासत बसली. शेवटी कळलं की ईएसपी32 मध्ये एडीसी2 च्या पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत, एडीसी1 च्याच घ्याव्या लागतात, म्हणजे 32 ते 39. हा बोर्ड तिने स्वतः हाताळलाय का, हे मला वेगळं विचारावं लागलं नाही.

आणि मग शीर्षकातला प्रश्न. वायर निघाली की पिन मोकळी लटकते आणि काहीही आकडा येतो, कारण 34 ला आतला पुल-अप किंवा पुल-डाउन नाही. समजा 4095 आला. वरच्या `map` मध्ये टाका, उत्तर येतं उणे 80, कारण `map` मर्यादेबाहेरचा आकडा कापत नाही. उणे 80 हे 30 पेक्षा कमीच, म्हणजे माती कोरडी, म्हणजे पंप चालू. 45 च्या वर जाणारं काही नाहीच, तेव्हा टाकी संपेपर्यंत चालूच. उपाय दोन ओळींचा आहे: रीडिंग 1000 ते 3000 च्या बाहेर गेलं तर पंप बंद, आणि काहीही झालं तरी सलग 10 मिनिटांपेक्षा जास्त चालवायचा नाही. पहिली ओळ एकटी पुरत नाही, कारण लटकलेली पिन 2500 सुद्धा दाखवू शकते.

बोर्ड अजून ग्रुपमधल्या कोणाच्या तरी रूमवर पडला असेल. घेऊन या, पंपाऐवजी एलईडी लावा, चालू असताना सेन्सरची वायर उपटा, आणि सीरियल मॉनिटरवर काय आलं ते लिहून ठेवा.