दाखल्यावर सही कोणाची होणार ते आधी विचारा

प्रश्न: मिस्टरांची बदली हैदराबादला झाली आहे. मुलगी आत्ता सातवीत, अनुदानित सेमी इंग्लिश शाळेत. तिकडच्या सीबीएसई शाळेत आठवीला सीट मिळतेय पण ते म्हणतात टीसी काउंटरसाइन करून आणा. इथली शाळा म्हणते आम्ही एलसी देतो, टीसी वेगळी नसते. नक्की काय मागायचं आणि काउंटरसाइन कुठे होतं? निकाल लागला की लगेच निघायचं आहे.

उत्तर:

ताई, शाळा बरोबर सांगतेय. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला मिळतो, तीच टीसी, दुसरा कागद मागत बसू नका. बोनाफाईड मात्र वेगळं असतं, ते मूल शाळेत असतानाच मिळतं, ते आत्ताच एक काढून ठेवा. अर्ज, लायब्ररीची पुस्तकं परत करणं, फी बाकी नसल्याची नोंद हे सगळं शाळा सांगेलच, त्यावर लिहीत नाही. मी लिहितेय ते काउंटरसाइनबद्दल, कारण तुमची पोस्ट वाचली आणि आमचं ते सगळं वर्ष डोळ्यासमोर आलं.

आमचा मुलगा सहावी पास होऊन बाहेरच्या राज्यात सातवीला जायचा होता. निकाल लागला, दाखला मिळाला, शिक्के व्यवस्थित, मुख्याध्यापकांची सही व्यवस्थित. नवीन शाळेने सांगितलं होतं की राज्य आणि बोर्ड दोन्ही बदलतंय म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी. आम्ही दाखला घेऊन ऑफिसात गेलो तर टेबलावरच्या माणसाने एक रजिस्टर उघडलं, दाखल्यावरची सही बघितली आणि दाखला परत केला. म्हणे ही सही आमच्या रेकॉर्डला नाही.

झालं काय होतं की आमच्या शाळेचे मुख्याध्यापक त्याच मे अखेरीस रिटायर झाले होते आणि सीनियर शिक्षिकेकडे प्रभारी चार्ज होता. प्रतिस्वाक्षरी करणारा अधिकारी दाखल्यातली माहिती खरी आहे का हे तपासत नसतो, तो फक्त एवढंच सांगतो की ही सही या मान्यताप्राप्त शाळेच्या मुख्याध्यापकांचीच आहे. त्यासाठी त्यांच्याकडे नमुना सही लागते. प्रभारी बाईंना सह्यांचे अधिकार मिळावेत म्हणून संस्थेने प्रस्ताव पाठवला होता, आणि तो प्रस्ताव पडून होता त्याच ऑफिसात, त्याच खोलीत, दुसऱ्या टेबलावर! आम्हाला सांगितलं शाळेकडून मान्यतेचं पत्र आणा. शाळा म्हणाली मान्यता तेच देणार, आम्ही कुठून आणू. परत ऑफिसात गेलं की साहेब मीटिंगला, नाहीतर तो टेबलवाला रजेवर आणि त्याचा चार्ज कोणाकडेच नाही. इकडे सामान ट्रकने पुढे गेलेलं, नवीन शाळा सुरू झालेली. मला आजही राग येतो तो याचा की त्या माणसाला मागच्या टेबलावर जाऊन एक फाइल बघायची होती फक्त, आणि ते त्याने केलं नाही. मुलाचं काही चुकलं नव्हतं, आमचा कागद चुकला नव्हता, शाळेनेही काही लपवलं नव्हतं.

शेवटी मार्ग निघाला तो असा. संस्थेच्या सचिवांनी लेटरहेडवर पत्र दिलं की अमुक तारखेपासून या बाई प्रभारी मुख्याध्यापिका आहेत, खाली त्यांच्या नमुना सह्या सचिवांनी प्रमाणित केल्या, सोबत पाठवलेल्या प्रस्तावाची झेरॉक्स लावली ज्यावर त्याच ऑफिसचा आवक शिक्का होता. हे घेऊन टेबलावर न जाता अभ्यागतांच्या वेळेत थेट अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी वाचलं, तिथल्या तिथे सही केली. म्हणजे करता येत होतं!

म्हणून माझं ठाम मत आहे, दाखल्याचा अर्ज द्यायला जाल तेव्हा पहिला प्रश्न विचारा की सही कोणाची होणार, कायम मुख्याध्यापक आहेत का प्रभारी, प्रभारी असतील तर सह्यांच्या अधिकाराला मान्यता आलीय का. मान्यतेचं पत्र असेल तर त्याची झेरॉक्स मागून घ्या. नसेल तर वर लिहिलं तसं सचिवांचं पत्र आधीच तयार करून घ्या. आणि तुमचे मुख्याध्यापक या मे अखेरीस रिटायर होणार असतील तर निकाल लागताच, ते खुर्चीवर असतानाच दाखला घ्या, एक जूनला जाऊ नका.

कुठलं ऑफिस ते शाळेच्या क्लार्कलाच विचारा, कारण ते जागेप्रमाणे बदलतं. साधारणपणे आठवीपर्यंत जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी प्राथमिक आणि नववीपासून माध्यमिक असं असतं, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे जावं लागतं, महापालिका हद्दीत प्राथमिकचं काम काही ठिकाणी पालिकेच्या शिक्षण विभागाकडे असतं. शाळेच्या बाकीच्या फायली जिथे जातात तिथेच दाखलाही जातो, हे क्लार्कला पक्कं माहीत असतं. जाताना नुसता दाखला नेऊ नका, शाळेचं त्या ऑफिसच्या नावाने कव्हरिंग लेटर घ्या जावक नंबर घातलेलं, सोबत प्रगतीपुस्तकाची झेरॉक्स, आणि कागद ठेवून जा म्हणाले तर आपल्या कॉपीवर पोच शिक्का घेतल्याशिवाय ओरिजिनल दाखला सोडू नका.

आता दाखल्यातल्या मजकुराबद्दल. छापायच्या आधी जनरल रजिस्टरमधली तुमच्या मुलीची ओळ स्वतः बघायला मागा, दाखला म्हणजे त्या ओळीची नक्कल असते. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मगावाचा तालुका जिल्हा, जात, सगळं जन्मदाखला आणि आधारशी जुळवा. आत्ता ती शाळेत आहे तोवर दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फत जातो, एकदा शाळा सोडली की रजिस्टरमध्ये बदल करून घेणं फार म्हणजे फार किचकट होतं. आणि हाताने खाडाखोड करून क्लार्क सही मारून देत असेल तर घेऊ नका, नवा फॉर्म लिहायला लावा, बाहेरच्या राज्यातली शाळा खाडाखोड बघून सरळ परत पाठवते.

शेऱ्याचा रकाना नीट वाचा. तुम्ही निकालानंतर जाताय तर तिथे सातवी उत्तीर्ण, आठवीत प्रवेशास पात्र अशा अर्थाचं स्पष्ट लिहिलेलं हवं. बऱ्याच वेळा क्लार्क सवयीने नुसतं "इयत्ता सातवीत शिकत होती" लिहितात आणि मग पलीकडचे म्हणतात सातवी पूर्ण झाली कशावरून. दाखला इंग्रजीत किंवा दोन्ही भाषांत मागा, फक्त मराठीत असेल तर तिकडे कोणी वाचणार नाही, आणि नंतर भाषांतर करून घेतलं तर त्यावर पुन्हा शिक्के कोणाचे हा प्रश्न येतो.

कागद मिळाला तरी अर्धंच काम झालेलं असतं. यू-डायस म्हणजे देशभरातल्या शाळांची आणि मुलांची ऑनलाइन नोंद ठेवणारी सिस्टीम, तिच्यात मूल अजून जुन्या शाळेतच दिसत असेल तर नवीन शाळेला तिचं नाव घालता येत नाही. जुन्या शाळेने तिथे "टीसी घेऊन शाळा सोडली" अशी नोंद केली की तिचं नाव त्याच सिस्टीममधल्या ड्रॉपबॉक्स यादीत जातं आणि नवीन शाळा तिथून पेन नंबर, म्हणजे मुलाचा कायमचा शैक्षणिक नंबर, टाकून ओढून घेते. हा पेन नंबर ११ आकडी असतो, तो शाळेकडून लिहून घ्या, दाखल्यावर घातला तर उत्तमच. मे महिन्यात सुट्टी असते, ऑनलाइन काम बघणारे सर गावाला गेलेले असतात, म्हणून दाखला घ्यायच्या दिवशीच समोर बसून ती नोंद करून घ्या आणि त्या सरांचा नंबर घेऊन ठेवा. राज्याच्या सरल पोर्टलमध्येही बदल करावा लागतो पण ते महाराष्ट्रापुरतं आहे, तुम्हाला हैदराबादला यू-डायसचंच लागेल.

एक मात्र, नवीन शाळेची सीट लेखी पक्की झाल्याशिवाय दाखला काढू नका. दाखला निघाला की पटावरून नाव कमी होतं, मग तिकडचं फिसकटलं तर इथेही नव्याने प्रवेश घ्यावा लागतो आणि तुकडी भरलेली असेल तर पंचाईत.

शाळा उगाच रखडवत असेल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ५ अर्जात लिहा. पहिली ते आठवीच्या मुलाला दुसऱ्या शाळेत, अगदी दुसऱ्या राज्यात जायचं असलं तरी मुख्याध्यापकाने टीसी तात्काळ द्यायची असं त्यात आहे, उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते असंही आहे. आमच्या ओळखीत एकांचा अर्ज याच ओळीनंतर हलला. पण त्याच कलमात टीसी उशिरा आली म्हणून प्रवेश अडवू नये असंही म्हटलंय, ते तिकडच्या खासगी विनाअनुदानित शाळेसमोर वापरायला जाऊ नका, बदली घेण्याचा तो हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आहे. खासगी शाळेशी गोडीनेच बोला. आमच्या नवीन शाळेने हमीपत्र लिहून घेऊन तात्पुरता प्रवेश दिला होता, तारीख घालून, तसं तुम्हीही विचारा. मी वकील नाही, शाळेतली नोकरीही नाही, आम्हाला जे भोगावं लागलं त्यातून सांगतेय, तुमच्या जिल्ह्यात थोडं वेगळं असू शकतं.

आणि प्रतिस्वाक्षरी झाल्यावर दाखल्याचा दोन्ही बाजूंनी रंगीत स्कॅन काढा, झेरॉक्स साक्षांकित करून चार प्रती ठेवा. ओरिजिनल नवीन शाळा कायमचं ठेवून घेते, परत देत नाही. पुढे महाराष्ट्रात जातीचा दाखला किंवा व्हॅलिडिटी काढायची वेळ आली तर जात आणि जन्मगाव लिहिलेला हाच दाखला मागतात, सीबीएसईच्या टीसीवर त्या नोंदी आपल्यासारख्या सविस्तर नसतात. हरवला तर दुय्यम प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र करून याच शाळेत यावं लागेल, हैदराबादहून.

मुख्याध्यापक कायम आहेत का प्रभारी ते विचारून इथे लिहा, प्रभारी असतील तर सचिवांच्या पत्राचा मजकूर मी टाईप करून देते.